विश्वास चुकला की तपासणी? बातमी मागे घेणाऱ्या संपादकाच्या पत्राबद्दल

५ डिसेंबर २०१४ ला अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' या पाक्षिकाचे मॅनेजिंग एडिटर विल डेना यांनी वाचकांसाठी एक छोटं पत्र वेबसाइटवर टाकलं. एका विद्यार्थिनीनं सांगितलेल्या बलात्काराच्या हकीगतीवर सोळा दिवसांपूर्वी छापलेल्या मोठ्या स्टोरीबद्दल ते होतं. पत्रात म्हटलं होतं की नवी माहिती समोर आलीय, त्या विद्यार्थिनीच्या सांगण्यात विसंगती दिसतायत आणि तिच्यावर आम्ही ठेवलेला विश्वास अनाठायी होता असं आमचं मत झालंय. म्हणजे चुकलं कोण, तर ती मुलगी. आम्ही फक्त विश्वास ठेवला.

हे पत्र आणि त्याचं पुढे काय झालं हे मला प्रत्येक संपादकानं वाचावं असं वाटतं, आणि वाचकांनीही, कारण बातमी मागे घेतल्यावर 'दिलगीर आहोत' एवढ्यावर आपण समाधान मानतो आणि पेपरला ते सोयीचं पडतं. माझं म्हणणं असं की बातमी मागे घेणारं पत्र ही माफी नसतेच, ती स्वतःच एक बातमी असते. नेमकं काय खोटं ठरलं, काय अजून उभं आहे आणि आमच्याकडच्या कुठल्या टेबलावर ते निसटलं, हे तिच्यात आलं नाही तर ते पत्र मूळ बातमीइतकंच कच्चं.

आधी स्टोरी काय होती ते. १९ नोव्हेंबर २०१४ ला सबरीना रुबिन अर्डली या पत्रकार बाईंनी व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीची हकीगत लिहिली. सप्टेंबर २०१२ मध्ये फाय काप्पा साय या फ्रॅटर्निटीच्या घरात, म्हणजे मुलांची जी राहण्याची मंडळं असतात तिथल्या पार्टीत, तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि विद्यापीठानं त्याकडे पाहिजे तसं लक्ष दिलं नाही, असा आशय. स्टोरी तुफान चालली. सत्तावीस लाखांहून जास्त वेळा उघडली गेली. सेलिब्रिटींवर नसलेल्या त्यांच्या कुठल्याच फीचरला तोवर एवढे वाचक मिळाले नव्हते. त्या घरावर दगडफेक झाली, विद्यापीठानं सगळ्याच फ्रॅटर्निटींचे कार्यक्रम काही आठवड्यांसाठी बंद केले.

मग धागा कुठे सुटला? स्टोरी छापून आठवडा झाल्यावर अर्डली यांनी फोनवर त्या मुलीला मुख्य आरोपीचं खरं नाव विचारलं. स्टोरीत त्याला 'ड्र्यू' असं टोपणनाव होतं, तो विद्यापीठाच्या स्विमिंग पूलवर तिच्यासोबत लाइफगार्ड होता असं लिहिलं होतं. तिनं नाव सांगितलं, पण आडनावाचं स्पेलिंग तिला नीट सांगता येईना. जो माणूस आपल्यासोबत कामाला होता, ज्यानं आपल्याला डेटवर नेलं, त्याचं आडनाव कसं लिहितात हे माहीत नाही? तिथे अर्डली यांना पहिल्यांदा धक्का बसला, असं त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी त्या नावाचा शोध घेतला तर वर्णनाशी जुळणारा माणूस सापडेना. ४ डिसेंबरच्या रात्री त्या मुलीशी पुन्हा बोलणं झालं आणि मध्यरात्रीनंतर, १ वाजून ५४ मिनिटांनी, अर्डली यांनी आपल्या संपादकांना मेल पाठवला की आपल्याला ही स्टोरी मागे घ्यावी लागणार, आता मला ती विश्वासार्ह वाटत नाही.

हा मेल लक्षात ठेवा. लेखिका स्वतः म्हणतेय की मागे घ्या. आणि त्याच दिवशी वाचकांना जे पत्र मिळालं त्यात 'मागे घेतो' हे शब्दच नव्हते. 'विसंगती दिसतायत' एवढंच. स्टोरी आहे तशी वेबसाइटवर राहिली, फक्त तिच्या डोक्यावर हे पत्र आलं.

लोक भडकले ते 'तिच्यावरचा विश्वास' या वाक्यावर, आणि बरोबरच भडकले. बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईवर आधीच कोणी विश्वास ठेवत नाही, त्यात एवढं मोठं पाक्षिक सांगतंय की आम्ही ठेवला आणि फसलो. पण पत्रकारितेच्या हिशोबानंही ते वाक्य खोटं होतं, आणि हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एक दोन दिवसांत डेना यांनी पत्र बदललं, ते वाक्य काढलं, चुका रोलिंग स्टोनच्या आहेत, त्या मुलीच्या नाहीत असं घातलं. पण बदल केलाय हे वाचकाला ठळक सांगितलं नाही, आणि दुरुस्तीच्या पत्राचीच अशी गुपचूप दुरुस्ती म्हणजे अजून एक आगळीक. घाबरून गेलो होतो, ते शब्द वापरल्याचा लगेच पश्चात्ताप झाला, असं डेना यांनी नंतर सांगितलं. माणूस म्हणून समजू शकतो. पण घाबरलेल्या अवस्थेत संपादकाची पेन आपोआप सोर्सकडे वळली, स्वतःच्या डेस्ककडे नाही, हे बघण्यासारखं आहे, कारण बहुतेक वेळा ती तिकडेच वळते.

'विश्वास' हे कारण खोटं का, ते सांगतो. रोलिंग स्टोननं नंतर कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाला सगळं तपासायला सांगितलं. ही गोष्ट त्यांच्या बाजूनं जमा धरली पाहिजे, ड्राफ्ट, नोट्स, इंटरव्ह्यूचे रेकॉर्ड सगळं दिलं. स्टीव्ह कोल, शीला कोरोनेल आणि डेरेक क्रॅविट्झ यांचा अहवाल ५ एप्रिल २०१५ ला आला आणि त्याच दिवशी स्टोरी अधिकृतपणे मागे घेतली गेली. म्हणजे पहिल्या पत्रानंतर चार महिन्यांनी.

अहवालातली एक गोष्ट मला कायम आठवते. स्टोरीत असा प्रसंग आहे की त्या रात्री मुलीनं तीन मित्रमैत्रिणींना बोलावलं आणि तिला दवाखान्यात न्यायचं की नाही यावर त्यांनी आपल्या इभ्रतीची चर्चा केली. तिघांना टोपणनावं, त्यातला एक 'रँडल'. त्याच्या तोंडी एक वाक्य होतं आणि वर लिहिलं होतं की त्यानं आपल्या फ्रॅटर्निटीशी असलेल्या निष्ठेमुळे मुलाखत द्यायला नकार दिला. वाचकाला काय वाटेल? की पत्रकारानं त्याला गाठलं, विचारलं, तो नाही म्हणाला. प्रत्यक्षात त्याला कोणी फोनच केला नव्हता. नकारही मुलीनं सांगितलेला आणि ते वाक्यही तिनंच सांगितलेलं. त्यांच्याकडच्या फॅक्ट चेकर बाईंना हे दिसलं होतं. ड्राफ्टवर त्यांनी खूण करून विचारलं होतं की हे तिच्या नावावर टाकायचं का, आणि त्याच्याकडून कन्फर्म करता येईल का. त्यांनी हा विषय लावून धरला, पण लेखिका आणि स्टोरीचे संपादक शॉन वुड्स यांनी ठरवलं की आहे तसं जाऊ दे.

म्हणजे कोणी विश्वासानं आंधळं झालं नव्हतं. प्रश्न समासात लिहिलेला होता, तो वाचला गेला आणि बाजूला ठेवला गेला. आपल्याकडच्या कुठल्याही डेस्कवर बसलेल्याला हा क्षण ओळखीचा असेल. 'समोरच्याची बाजू घेतली का?' असं कोणीतरी विचारतं, बातमीदार म्हणतो फोन लागत नाहीये, आणि पान सोडायची वेळ झालेली असते. इथे तर पान सोडायची तशी घाईही नव्हती, स्टोरीवर महिनोन्‌महिने काम चाललं होतं.

आणि तिघांशी बोलू नका असं त्या मुलीनं कधी म्हटलंच नव्हतं, हेही अहवालात आहे. आरोपीशी संपर्क करण्याची तिला भीती होती, पण मित्रमैत्रिणींना विचारायला तिची आडकाठी नव्हती. वॉशिंग्टन पोस्टच्या वार्ताहरानं नंतर त्यांना शोधून काढलं तेव्हा ते बोलले, आणि त्या रात्रीची त्यांची हकीगत स्टोरीपेक्षा बरीच वेगळी होती. एक फोन आधी गेला असता तर ती स्टोरी त्या रूपात छापलीच गेली नसती.

दुसरी गोष्ट फ्रॅटर्निटीची. त्यांची प्रतिक्रिया घेतली होती, असं कागदावर दाखवता येत होतं. पण त्यांना विचारलं काय, तर तुमच्याकडे बलात्कार झाल्याचे आरोप आहेत, काय म्हणणं आहे. तारीख नाही, पार्टी नाही, आरोपी लाइफगार्ड होता हे नाही. आता एवढ्या मोघम प्रश्नाला कोणी काय उत्तर देणार, त्यांनीही मोघम दिलं. तपशील दिला असता तर त्यांना तपासून सांगता आलं असतं की त्या वीकेंडला आमच्याकडे असा कार्यक्रमच नव्हता आणि त्या वर्षी आमचा एकही सदस्य त्या पूलवर लाइफगार्ड नव्हता. हेच त्यांनी ५ डिसेंबरला जाहीर केलं. मराठी पेपरांतही हे रोज होतं, 'संबंधितांशी संपर्क साधला असता प्रतिक्रिया मिळू शकली नाही' या वाक्याखाली काय काय झाकलेलं असतं ते ज्याचं त्याला माहीत, पण ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोपाचा पूर्ण तपशील न देता घेतलेली प्रतिक्रिया ही प्रतिक्रिया नव्हेच, असं मला वाटतं.

आता विचार करा, ५ डिसेंबरला डेना यांना यातलं किती माहीत होतं? सगळं नाही. पण चार गोष्टी नक्की माहीत होत्या किंवा शेजारच्या केबिनमध्ये विचारून तासाभरात कळल्या असत्या. आरोपीला आम्ही शोधलं नव्हतं. तीन मित्रांशी आम्ही बोललो नव्हतो आणि तसं बोलल्यासारखं लिहिलं. फ्रॅटर्निटीला आम्ही तपशील दिले नव्हते. आणि आता नाव कळल्यावर त्या वर्णनाचा माणूस सापडत नाहीये. ही चार वाक्यं लिहून पुढे 'म्हणून त्या रात्रीची जी हकीगत आम्ही छापली तिच्यामागे आम्ही उभे राहू शकत नाही, ती मागे घेत आहोत, बाकीच्या स्टोरीची तपासणी सुरू आहे, अमुक तारखेपर्यंत कळवू' एवढं लिहिलं असतं तर पत्र पूर्ण झालं असतं. त्यात मुलीबद्दल एक शब्द वाईट नाही, तिच्यासोबत काय झालं किंवा नाही झालं यावर निवाडा नाही, तो द्यायची त्यांची पात्रताही नव्हती. शार्लट्सव्हिलच्या पोलिसांनी मार्च २०१५ मध्ये सांगितलं की स्टोरीतल्या वर्णनाला आधार देणारं काही आम्हाला सापडलं नाही, आणि सोबत हेही सांगितलं की याचा अर्थ तिच्यासोबत त्या रात्री काहीच भयंकर घडलं नाही असा होत नाही. पोलीस एवढी काळजी घेऊन बोलले. संपादकाला ती घेता आली नाही.

आता वकिलांकडे येतो, कारण अशी पत्रं गुळमुळीत होतात ती बऱ्याचदा त्यांच्यामुळे. सल्ला असा असतो की कमीत कमी लिहा, कबुली देऊ नका, पुढे कोर्टात हेच कागद उभे राहतील. रोलिंग स्टोनचं प्रकरण या सल्ल्याला मोठं उत्तर आहे, आणि थोडं गुंतागुंतीचं आहे म्हणून सावकाश सांगतो.

स्टोरीत विद्यापीठाच्या एक असोसिएट डीन होत्या, निकोल इरॅमो. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनींना त्याच भेटायच्या. स्टोरीत त्यांचं चित्र थंडपणे प्रकरण दाबणारी बाई असं उभं राहिलं. त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. तिथल्या कायद्यात सार्वजनिक भूमिकेतल्या व्यक्तीला असा दावा जिंकायचा तर मजकूर खोटा होता एवढं पुरत नाही, छापणाऱ्याला तो खोटा असल्याचं माहीत होतं किंवा त्याच्या खरेपणाबद्दल गंभीर शंका असूनही त्यानं छापला, हे सिद्ध करावं लागतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ज्युरीनं निकाल दिला. लेखिका जबाबदार ठरल्या. पण पाक्षिक आणि त्याची कंपनी १९ नोव्हेंबरच्या मूळ छपाईसाठी या कसोटीवर दोषी ठरली नाही. ती दोषी ठरली ५ डिसेंबरसाठी. म्हणजे ज्या दिवशी पत्र टाकलं त्या दिवसासाठी. कारण त्या दिवशी त्यांना शंका होत्या, पहाटेचा मेल आलेला होता, तरी त्यांनी वर एक पत्र चिकटवून तीच स्टोरी पुन्हा लोकांसमोर ठेवली, म्हणजे ती पुन्हा प्रसिद्ध केली असं ज्युरीनं मानलं. एकूण भरपाई ३० लाख डॉलर, त्यातले २० लाख लेखिकेवर आणि १० लाख पाक्षिकाच्या बाजूवर. पुढे २०१७ मध्ये इरॅमो यांच्याशी तडजोड झाली, फ्रॅटर्निटीशीही १६.५ लाख डॉलरवर मिटलं.

या निकालावर पत्रकारांचा आक्षेप होता आणि तो मला निम्मा पटतो. दुरुस्तीची टीप लावणं म्हणजे पुनर्प्रकाशन असं धरलं तर पेपर टीप लावायलाच घाबरतील, मुकाट्यानं सगळं तसंच ठेवतील, आणि नुकसान वाचकाचंच होईल. ही भीती खोटी नाही. पण इथे टीप लावली म्हणून ते अडकले असं मला वाटत नाही. अर्धी टीप लावली म्हणून अडकले. ज्या मजकुरावर तुमचाच विश्वास उरलेला नाही तो खाली तसाच ठेवायचा आणि वर 'विसंगती दिसतायत' लिहायचं, याला मागे घेणं कोणी म्हणणार नाही. 'आम्ही ही हकीगत मागे घेत आहोत' असं त्या दिवशी स्पष्ट लिहून मजकूर खाली घेतला असता तर पुन्हा प्रसिद्ध केल्याचा हा मुद्दा उभा राहणंच कठीण होतं. कमी लिहिणं सुरक्षित, हा समज इथे तरी उलटा ठरला.

पण याच्या विरुद्ध टोकाचं पत्रही असतं, सगळंच मागे घेणारं, आणि ते कमी धोकादायक नाही.

३ मे १९९८ ला अमेरिकेतल्या 'सिनसिनाटी एन्क्वायरर' या दैनिकानं चिकिटा या केळी विकणाऱ्या बलाढ्य कंपनीवर अठरा पानांची खास पुरवणी काढली. लॅटिन अमेरिकेतले मळे, कीटकनाशकं, जमिनीचे व्यवहार, कोलंबियातल्या अधिकाऱ्यांना दिलेली लाच, असं बरंच काही. दोन महिन्यांच्या आत, २८ जूनला, त्याच पेपरनं पहिल्या पानावर ठळक माफी छापली, पूर्ण मालिका मागे घेतली, कंपनीला १ कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली. झालं होतं असं की मुख्य बातमीदारानं कंपनीच्या अधिकाऱ्यांचे व्हॉइसमेल परवानगीशिवाय ऐकले होते. तो गुन्हा होता, त्यानं पुढे कोर्टात कबूलही केला, पेपरनं त्याला काढून टाकलं. इथवर सगळं ठीक.

पण माफीनाम्यात पेपर तेवढ्यावर थांबला नाही. मालिकेनं कंपनीच्या व्यवहारांबद्दल खोटं आणि दिशाभूल करणारं चित्र उभं केलं, असं म्हटलं. कुठलं वाक्य खोटं? कुठला आकडा? एकही सांगितला नाही. माहिती कशी मिळवली हा एक प्रश्न आणि माहिती खरी की खोटी हा पूर्ण वेगळा प्रश्न, आणि पेपरनं दोन्ही एकाच झाकणाखाली घातले. मग २००१ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं, एसईसीनं, याच कंपनीला तिच्या कोलंबियातल्या उपकंपनीनं तिथल्या कस्टम्स अधिकाऱ्यांना पैसे चारल्याबद्दल १ लाख डॉलरचा दंड लावला. कंपनीनं आरोप मान्य किंवा अमान्य न करता तो भरला. म्हणजे मागे घेतलेल्या मालिकेतल्या या एका मुद्द्यात तरी तथ्य होतं. पण १९९८ साली पेपर वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय राहिलं? की ते सगळं बनावट होतं. मळ्यातल्या मजुरांनी बातमीदारांना जे सांगितलं असेल, तेही व्हॉइसमेलच्या गुन्ह्यासोबत पुसलं गेलं. मला हे फार अन्यायाचं वाटतं. ज्यांनी धोका पत्करून तोंड उघडलं त्यांची बाजू घ्यायला त्या पत्रात कोणीच नव्हतं.

हे पत्र खरं तर असं हवं होतं की आमच्या बातमीदारानं बेकायदा मार्गानं काही माहिती मिळवली, त्या माहितीवर उभे असलेले अमुक अमुक भाग आम्ही मागे घेतो, त्याशिवायच्या मार्गांनी मिळालेली माहिती ही ही आहे आणि ती आम्ही मागे घेत नाही. कंपनीचे वकील ते मान्य करते का? कदाचित नसते केलं, मग रक्कम वाढली असती. पण वाचकाशी असलेला व्यवहार कंपनीशी झालेल्या तडजोडीत विकायचा नसतो, आणि तो विकला गेला.

आपल्याकडचं बघू. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'द वायर' या बातम्यांच्या वेबसाइटनं इन्स्टाग्रामच्या मालक असलेल्या मेटा कंपनीवर स्टोऱ्या केल्या, की भाजपच्या आयटी सेलच्या प्रमुखांना इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट काढायला लावण्याचे खास अधिकार आहेत. मेटानं नाकारलं, वायरनं पुरावा म्हणून एक मेल दाखवला, आणि तो खरा आहे हे स्वतंत्र तज्ज्ञांनी तपासल्याचं सांगितलं. मग ज्या तज्ज्ञांची नावं घेतली तेच म्हणाले की आम्ही असं काही तपासलंच नाही. २३ ऑक्टोबरला स्टोऱ्या मागे घेतल्या. त्यांच्या निवेदनात कुठला पुरावा टिकला नाही हे रोलिंग स्टोनच्या पहिल्या पत्रापेक्षा पुष्कळ स्पष्ट होतं, ते मान्य करायला हवं. पण काही दिवसांत त्यांनी कागदपत्रं आणणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यावर पोलिसात तक्रार दिली, आणि चर्चा सगळी त्या एका माणसाकडे गेली. त्यानं फसवलं असेल. पण ज्या तज्ज्ञानं आपला मेल तपासलाय असं आपण छापणार, त्या तज्ज्ञाला दुसऱ्या मार्गानं एक साधा फोन करून 'हे तुम्हीच पाठवलंय ना?' विचारायचं काम संपादकाचं, कागदपत्रं आणणाऱ्या माणसाचं नाही. वाचकाला सगळ्यात आधी त्या न केलेल्या फोनबद्दल सांगायला हवं होतं.

मराठीत सगळ्यांना आठवणारं उदाहरण म्हणजे मार्च २०१६. मदर तेरेसांना संतपद देण्याच्या निर्णयावर 'लोकसत्ता'नं 'असंतांचे संत' हा अग्रलेख लिहिला आणि दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला, दिलगिरी व्यक्त केली, वेबसाइटवरूनही काढला. अग्रलेख म्हणजे मत, बातमी नव्हे, त्यामुळे तुलना जपून करतो. पण नेमका म्हणूनच तो प्रकार मला जास्त खटकतो. बातमी खोटी निघते, मत कसं खोटं निघणार? त्यातलं एखादं विधान वस्तुस्थितीला धरून नव्हतं असं असेल तर ते कुठलं ते सांगा आणि तेवढं दुरुस्त करा. नसेल, तर भावना दुखावल्या या कारणावर अख्खा लेख मागे घेतल्यावर वाचकाला कळतं एवढंच की कुठून तरी दाब आला, आणि उद्या खरोखर तथ्याची चूक म्हणून काही मागे घेतलं तरी लोक म्हणणार की आलं असेल वरून. अग्रलेखाशी ज्यांचं पटलं नव्हतं अशा बऱ्याच जणांनाही तेव्हा हे आवडलं नव्हतं.

प्रेस कौन्सिलच्या नियमांत साफ लिहिलंय की तथ्याची चूक लक्षात आली तर पेपरनं आपणहून, तातडीनं आणि योग्य ठळकपणे दुरुस्ती छापावी. ठळकपणाचं सोडा, ते दुखणं जुनं आहे, पहिल्या पानावर आठ कॉलम बातमी आणि सातव्या पानावर तळाला दोन ओळींचा खुलासा. वेबसाइट आल्यापासून नवीन दुखणं सुरू झालंय ते म्हणजे लिंकच गायब. काल तुम्ही वाचलेली, व्हॉट्सअॅपवर पन्नास ग्रुपमध्ये फिरलेली बातमी आज उघडली तर 'पेज सापडलं नाही'. स्क्रीनशॉट मात्र सगळ्यांकडे. म्हणजे खोटं फिरत राहतं आणि ते खोटं होतं हे सांगणारी एकमेव जागा पेपरनं स्वतःच्या हातानं पुसलेली असते. ज्याच्याबद्दल खोटं छापलं त्या माणसाकडे दाखवायला काहीच उरत नाही, तो सांगणार काय, की बघा इथे पान सापडत नाही?

रोलिंग स्टोननं एप्रिल २०१५ मध्ये ही गोष्ट नीट केली. मूळ स्टोरी काढली आणि तिच्या जागी कोलंबियाचा अख्खा अहवाल, इंग्रजी जवळपास तेरा हजार शब्दांचा, वेबसाइटवर ठेवला, त्यात संपादकांची नावं, कोणी काय विचारलं, कोणी काय सोडून दिलं, सगळं. पण त्याच वेळी मालक यान वेनर यांनी मुलाखतीत त्या मुलीला गोष्टी रचण्यात तरबेज ठरवलं, आणि या प्रकरणावरून कोणाला नोकरीवरून काढणार नाही असंही सांगितलं. चार महिन्यांत लेखी भाषा सुधारली, बोट अजून तिच्याकडेच होतं.

आपल्या पेपरांना एवढा मोठा अहवाल करायची गरज नाही आणि ऐपतही नसेल, जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर चार माणसं असतात हे मला माहीत आहे. पण एक करता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. बातमी मागे घेतली तर तीच लिंक चालू ठेवायची, तिथे मजकुराच्या जागी तारीख आणि वेळ घालून लिहायचं की इथे अमुक मथळ्याची बातमी होती, ती इतक्या वाजता काढली, तिच्यातलं हे विधान चुकीचं होतं, हे विधान अजून तपासतोय, हे बरोबर आहे, संबंधित व्यक्तीशी छापण्याआधी आम्ही बोललो होतो किंवा नव्हतो. खाली बातमीदाराचं नव्हे, संपादकाचं नाव. पुढे त्या मजकुरात काही बदललं तर तेही तारखेसकट. छापील अंकात मूळ बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर हाच मजकूर. आणि ज्या फेसबुक पेजवरून, ज्या व्हॉट्सअॅप चॅनेलवरून बातमी ढकलली होती तिथेही हीच लिंक पुन्हा टाकायची, कारण बातमी मिळालेल्यांपैकी बहुतेक जण वेबसाइटवर परत कधी येणारच नसतात.